नारळाच्या झाडाखाली

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या टेस्टिंगमधल्या एका मुलीची आजी गेली. घर निफाडकडचं, पण दहाव्याचा विधी नाशिकला, रामकुंडावर. म्हणजे ज्या दिवशी ती रजेवर होती त्या दिवशी ती आमच्या ऑफिसपासून रिक्षाने वीस मिनिटांवर होती. गोदाघाटाच्या ओल्या पायऱ्यांवर भाऊ आणि काका मुंडन करून बसलेले, आणि पिंडाला कावळा कधी शिवतो याची सगळे वाट बघत होते. त्या वेळी स्लॅकवर तिच्या नावापुढे नारळाचं झाड उभं होतं. 🌴

ते तिने लावलेलं नव्हतं. आमच्याकडे रजेचं अ‍ॅप स्लॅकला जोडलेलं आहे. रजा मंजूर झाली की त्या दिवशी सकाळी अ‍ॅप आपणहून नावापुढे झाड लावतं. बंगळुरूच्या एका सहकाऱ्याने ते पाहिलं आणि तिला इंग्रजीत लिहिलं, मस्त, मजा कर. सोबत समुद्रकिनाऱ्याची छत्री. तिने घाटावरूनच ‘थँक्स’ लिहिलं आणि एक हसरा चेहरा टाकला.

आठवड्याने चहाच्या टपरीवर तिने हे सांगितलं, ते हसत हसतच. मी म्हटलं, “अगं, मग सांगायचंस ना त्याला.” ती म्हणाली, “काय सांगू? दहावा म्हणजे काय, इथपासून सुरुवात करू? त्यापेक्षा थँक्स सोपं.”

मला त्या दिवशी त्या झाडाचा राग आला. या लेखाची सुरुवात त्या रागातून झाली, पण आता माझं मत तेच राहिलेलं नाही. ते कसं बदललं, ते सांगतो.

स्लॅकमध्ये स्वतःचं स्टेटस लिहायची सोय २०१७ मध्ये आली. त्याचे भाग तीनच. एक इमोजी, जास्तीत जास्त शंभर अक्षरांचा मजकूर, आणि ते कधी पुसलं जावं याची वेळ. रजेच्या अ‍ॅपसारखं एखादं अ‍ॅप आपल्या वतीने स्टेटस लावतं तेव्हा ते साधारण एवढंच पाठवतं:

```
{
  "profile": {
    "status_text": "On leave",
    "status_emoji": ":palm_tree:",
    "status_expiration": 0
  }
}
```

शेवटच्या ओळीतल्या शून्याचा अर्थ, हे आपोआप पुसू नकोस.

ज्यांना लिहायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी स्लॅक पाच तयार स्टेटस देतं. 🗓️ In a meeting, 🚌 Commuting, 🤒 Out sick, 🌴 Vacationing आणि 🏡 Working remotely. आपण ही रोज बघतो, म्हणून वाचत नाही. पण एखाद्या कवितेच्या ओळींसारखी ती एकाखाली एक ठेवून वाचली, तर एका माणसाचं आयुष्य दिसतं. तो मीटिंगला जातो, बसने येतो, कधी आजारी पडतो, सुट्टीत समुद्रावर जातो, एरवी बाग असलेल्या घरातून काम करतो. त्याच्या घरी कोणी मरत नाही. त्याच्या मामाच्या मुलीचं लग्न नसतं. त्याची सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तलाठ्याकडे खेप होत नाही, आणि द्राक्षाच्या छाटणीला त्याला गावी बोलावत नाहीत.

त्याहून बोलकी आहे ती पुसण्याची वेळ, जी सहसा कोणी पाहत नाही. प्रत्येक तयार स्टेटसला स्लॅकने आपली एक मुदत लावून ठेवलेली असते. मीटिंग एक तास. प्रवास तीस मिनिटं. आजारपण आजचा दिवस. घरून काम आजचा दिवस. सुट्टीला मुदतच नाही, ती आपणच येऊन पुसायची. म्हणजे ताप एका दिवसात उतरतो आणि ऑफिसला पोचायला अर्धा तास लागतो, असं यंत्राने परस्पर ठरवून टाकलंय. यातलं काहीही बदलता येतं, पण घाईत बदलतं कोण?

हे पाच पर्याय कंपनीच्या अ‍ॅडमिनला बदलता येतात. रामकुंडाचा किस्सा टीम लीडच्या कानावर गेला तेव्हा त्याने तेच केलं. माणूस मनाने चांगला आहे. त्याला वाटलं, आपली माणसं, आपली कारणं, मग आपली चिन्हंही हवीत. नारळाचं झाड काढून त्याने सणासाठी 🪔 ठेवली, दवाखान्यासाठी 🏥, घरच्या कामासाठी छोटं कुटुंब, वाटेत असलो तर 🛺 आणि डोकं घालून काम करत असलो तर 🎧. पणती आणि रिक्षा हे दोन्ही इमोजी २०१९ साली आले, त्यामुळे ते वापरताना सगळ्यांना उगाच आपलं काहीतरी झाल्यासारखं वाटलं. मलाही वाटलं. मजकूरही मराठीत. ‘दवाखान्यात’, ‘घरचं काम’. दोन दिवस चॅनलवर टाळ्या वाजल्या.

हे चार महिने चाललं. आधी काय बिघडतंय ते कळलं नाही, कारण बिघडत होतं ते खासगी मेसेजमध्ये.

एका मुलाने एका सकाळी 🏥 लावलं. तासाभरात तिघांनी त्याला विचारलं, काय झालं, सिरियस नाही ना? काळजीनेच विचारलं. त्याच्या बायकोला दुसरा महिना होता आणि ते डॉक्टरांकडे गेले होते. तीन महिने होईपर्यंत ही बातमी त्यांनी स्वतःच्या आईवडिलांनाही सांगितली नव्हती. त्याने तिघांनाही ‘दातांचं’ असं सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं होतं, तेव्हा पुन्हा दात. तिसऱ्या वेळी लीडनेच गप्पांच्या ओघात विचारलं, “अरे, तुझे दात किती आहेत?” सगळे हसले, तोही हसला.

दुसरा एक जण पुण्याला इंटरव्ह्यूला गेला आणि त्याने 🪔 लावली. त्या दिवशी पंचांगात काहीच नव्हतं. कोणता सण, असं विचारल्यावर त्याने घरच्या कुलदैवताचं नाव पुढे केलं. त्या दैवताची यात्रा कधी असते हे आमच्यातल्या एकीला पाठ होतं, कारण तिचंही कुलदैवत तेच.

तिसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. दर महिन्याला एक-दोन दिवस जिला खरंच उठवत नाही, अशी एक मुलगी टीममध्ये आहे. झाडाच्या काळात तिची रजा ही नुसती रजा होती. आता तिला दर महिन्याला दवाखाना की घरचं काम, यातलं एक निवडावं लागायला लागलं. ती आलटून पालटून निवडत होती. कोणी मोजतंय असं नव्हतं, पण मोजता येईल असं झालं होतं. हा फरक तिला आमच्या सगळ्यांच्या आधी कळला. तिने लीडला एवढंच लिहिलं, की ते जुनं झाड परत आणता येईल का.

तेव्हा मला झाडाचं म्हणणं पटलं. नारळाचं झाड खोटं आहे, पण ते सगळ्यांसाठी सारखंच खोटं आहे. गोव्याला गेलेल्याच्या, घाटावर बसलेल्याच्या आणि नोकरी शोधणाऱ्याच्या डोक्यावर ते एकच सावली धरतं. बंगळुरूच्या माणसाने ‘मजा कर’ लिहिलं ते टोचणारं होतं खरं, पण तिचं काय चाललंय हे त्याला कळलं नाही, यात तिचं नुकसान काय झालं? चिन्हं जितकी आपली झाली, तितकी ती खुलासा मागायला लागली.

खरं तर रजेचं कारण न सांगण्याची आपल्याकडे चांगली रीत होती. ‘बाहेरगावी’ हा शब्दच बघा. त्यात गाव कोणतं ते नाही, कशाला ते नाही. माणूस इथे नाही, बस. दवाखान्याच्या दारावर ‘डॉक्टर बाहेरगावी गेले आहेत, सोमवारी भेटतील’ अशी पाटी असे, आणि डॉक्टर मुलीसाठी स्थळ बघायला गेलेत की स्वतःचा मोतीबिंदू काढायला, हे विचारायची सोय त्या पाटीत नव्हती. सोमवार मात्र होता. याच्या उलट सरकारी कचेरीतलं ‘साहेब दौऱ्यावर आहेत’. तिथे कारण भरदार आणि परत कधी येणार याचा पत्ता नाही. ज्याच्याकडे सत्ता असते त्याला परतीची वेळ सांगावी लागत नाही, हे त्या एका वाक्यात शिकायला मिळायचं. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये, या पुण्याच्या पाटीची आपण इतकी टिंगल केली, पण माझ्या मते ती या प्रकारातली सर्वांत सभ्य पाटी आहे. झोपतो, असं ती म्हणत नाही. एक ते चार, एवढंच म्हणते.

आणखी एक फरक आहे, तो यंत्राच्या बाजूचा. चॅटवर ‘मी नाही’ असं सांगण्याची सोय जुनी आहे. १९८८ साली सुरू झालेल्या आयआरसीमध्ये `/away` असं लिहून पुढे निरोप ठेवता यायचा. पण तो निरोप सगळ्यांच्या डोळ्यांसमोर टांगलेला नसे. कोणी तुम्हाला मेसेज केला, की त्याला सर्व्हर तो वाचून दाखवायचा. ज्याचं काम होतं त्यालाच उत्तर मिळायचं. आताचं स्टेटस न विचारताच सगळ्यांना दिसतं. ज्यांचं आपल्याकडे काही काम नाही, त्यांनाही.

आता प्रवास. आठवड्यातून एकदा मी क्लायंटकडे मुंबईला जातो, पंचवटी एक्सप्रेसने. नाशिकरोडच्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून मी सुरुवातीला इमानदारीत 🚌 लावायचो, कारण पाचात तेच होतं. तीस मिनिटांनी ते पुसलं जायचं. तेव्हा गाडी इगतपुरीलाही पोचलेली नसायची. पुढे घाट. इगतपुरी ते कसारा या उतारावर बोगद्यामागून बोगदे आहेत आणि रेंज येते-जाते. संध्याकाळी परत येताना तर कसाऱ्याला मागून बँकर इंजिन लागेपर्यंत गाडी थांबते आणि मग सावकाश चढते. चढच तसा आहे, ३७ फुटांना एक फूट. या सगळ्या वेळात स्लॅकवर माझ्या नावापुढे काहीच नसायचं. फोन खिशात गेला की नावाजवळचा हिरवा ठिपकाही पोकळ होतो. म्हणजे बघणाऱ्याला दिसायचं, की हा माणूस सकाळी कुठेतरी निघाला, अर्ध्या तासात पोचला आणि मग दोन तास गायब आहे. एकदा कल्याणच्या पुढे रेंज आली तेव्हा चार मेसेज एकदम आले. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात प्रश्नचिन्ह, तिसऱ्यात ‘आहेस का’, आणि चौथ्यात ‘ठीक आहे, मी बघतो’. या चौथ्याचा सूर नोकरी करणाऱ्या कोणालाही ओळखता येईल.

त्यानंतर मी मुदत हाताने घालायला लागलो. 🚆 ‘मुंबईला. ११ पर्यंत. मध्ये घाट.’ याने जादू केली. ‘मध्ये घाट’ या दोन शब्दांपुढे कोणी काही बोलत नाही. नाशिकमध्ये प्रत्येकाने कसाऱ्याच्या बोगद्यात अर्धं वाक्य बोलून फोन तुटल्याचा अनुभव घेतलेला आहे. इतकंच काय, हैदराबादच्या क्लायंटलाही एव्हाना घाट म्हणजे काय ते ठाऊक झालंय.

असंच आणखी एक स्टेटस आमच्याकडे आदराने वागवलं गेलं. एक जण इगतपुरीला धम्मगिरीत दहा दिवसांच्या विपश्यनेला गेला. तिथे फोन जमा करावा लागतो. त्याने लिहिलं होतं, 🧘 ‘फोन माझ्याकडे नाही’. पुढे तारीख. त्या दिवसांत त्याला एकानेही काही पाठवलं नाही. तोच माणूस आधी चार दिवस घरी रजेवर होता, तेव्हा रोज दोन-तीन तरी ‘फक्त एक मिनिट’ त्याला आले होते.

इथे मला तिसऱ्या प्रकाराबद्दल, म्हणजे हेडफोनबद्दल, बोलायचंय. 🎧 लावणाऱ्याचं म्हणणं असतं, मी आहे, पण आत्ता बोलू नका. विपश्यनेवाल्याला आणि घाटातल्याला उत्तर देणं शक्य नसतं. हेडफोनवाल्याला ते शक्य असतं, तो देत नाहीये. आपल्याकडे ‘जमत नाही’ला मान आहे, ‘नको’ला नाही.

यंत्रही या बाबतीत त्याच्या बाजूने फार उभं राहत नाही. पुष्कळांना वाटतं, की 🎧 लावलं म्हणजे झालं. तसं नाही. स्टेटस ही नुसती पाटी असते. मेसेज वाजायचे थांबवायला सूचना वेगळ्या बंद कराव्या लागतात. स्टेटस लावतानाच त्यासाठी एक चौकोन असतो, तो टिचकवला नाही तर हेडफोनच्या चित्राखाली फोन वाजतच राहतो. तो टिचकवला तर नावाशेजारी छोटा z दिसतो. पण तरीही समोरच्याने थेट मेसेज केला, की स्लॅक त्यालाच विचारतं, याने सूचना बंद केल्यात, तरी कळवायचं का? कडी आतून लावायची आणि ती काढायची दोरी बाहेर ठेवायची, असा हा दरवाजा आहे. अडचणीत ती दोरी लागते, हे मान्य. पण ती कोण ओढतं ते बघितलं, तर ऑफिसचा नकाशा समोर येतो. आमच्या आर्किटेक्टच्या नावापुढे दुपारी हेडफोन दिसला, की लोक म्हणतात, थांब, तो विचार करतोय. गेल्या जूनमध्ये लागलेल्या मुलीच्या नावापुढे तोच हेडफोन दिसला, की लोक विचारतात, फ्री आहेस का? दोघांनी लावलेलं चित्र एकच आहे.

मायक्रोसॉफ्ट टीम्समध्ये काम करणाऱ्यांची अडचण थोडी वेगळी. तिथे पाच मिनिटं माऊस हलला नाही, की ठिपका पिवळा होतो. माझा एक मित्र सातपूरच्या एका कारखान्यात डिझाइनला आहे. तो कागदावर हाताने आकृती काढून विचार करतो. म्हणजे तो जेव्हा खरोखर काम करत असतो नेमका तेव्हाच यंत्र म्हणतं, हा जागेवर नाही. मग तो अधूनमधून डाव्या हाताने माऊस हलवतो.

या सगळ्यावर नाशिककरांनी शोधलेला उपाय मला दोन महिन्यांपूर्वी कळला. गंगापूर रोडला राहणारी आमची एक सीनियर दर बुधवारी सकाळी 🚆 लावते. ‘मुंबईला. १ पर्यंत. मध्ये घाट.’ वाक्य माझ्याकडूनच उचललेलं. एका बुधवारी मला ती दहा वाजता कॉलेज रोडला भाजी घेताना भेटली. मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली, “हेडफोन लावून बघितला सहा महिने. कोणी ऐकत नाही. घाटाला ऐकतात.” त्या तीन तासांत ती आठवड्याचं सगळं अवघड काम उरकते. भाजीची दहा मिनिटं सोडून, असं तीच म्हणाली.

मला यात खोटेपणा दिसत नाही, हिशेब दिसतो. तिला तीन तासांची शांतता हवी होती. ती मागण्यासाठी जे चिन्ह बनवलंय त्याला बाजारात किंमत नव्हती, म्हणून किंमत असलेलं चिन्ह तिने वापरलं. पण हे नाणं फार दिवस चालणार नाही. आमच्याकडे आता बुधवारी घाटात तीन जण असतात. मला भीती एवढीच, की एखाद्या दिवशी मी खरोखर बोगद्यात असेन आणि कोणीतरी दोरी ओढेल.

लीडने झाड परत आणलं. सोबत एक साधी अट घातली, की मजकुरात कारण लिहायचं नाही. कधीपर्यंत आणि तोवर कोणाला विचारायचं, एवढंच लिहायचं. शंभर अक्षरांत ते आरामात बसतं. ‘गुरुवारपर्यंत. पेमेंटचं काही असेल तर अमक्याला विचारा.’ दुसरा भाग पहिल्याहून कामाचा निघाला. विचारणाऱ्याला जायला दुसरी जागा असली, की तो ‘फक्त एक मिनिट’ म्हणत नाही. विपश्यनेवाल्यानेही जाताना तारखेपुढे एकाचं नाव लिहिलं होतं, हे मी नंतर पाहिलं. हेडफोनवाल्यांना मात्र याचा उपयोग मर्यादितच आहे. नव्या मुलीने ‘तोवर कोणाला विचारा’ म्हणून कोणाचं नाव लिहायचं? टीममध्ये तिच्या खाली कोणीच नाही.

यंदा श्रावणात आजीचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी सकाळी आठला टेस्टिंगमधल्या मुलीने स्वतःचं स्टेटस स्वतः लिहिलं. ‘उद्या १० ला परत. बिल्डचं असेल तर’ आणि पुढे माझं नाव. इमोजीची जागा तिने मुद्दाम मोकळी सोडली. स्लॅकला ती जागा मोकळी चालत नाही, म्हणून त्याने तिथे आपल्या मनाने 💬 हा बोलण्याचा फुगा टाकला. तिने तो तसाच राहू दिला आणि ती निफाडच्या बसमध्ये बसली. नऊ वाजता रजेचं अ‍ॅप जागं झालं. त्याने तिचं वाक्य पुसलं आणि नारळाचं झाड लावलं.